आईनं प्रोटीन वाढवलं आणि लघवीतलं कॅल्शियमही वाढलं. हाडं विरघळतायत का?

कोरांटी

आई ६४ वर्षांची, वजन ५२ किलो, पूर्ण शाकाहारी, साताऱ्यात राहते. सहा महिन्यांपूर्वी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली तेव्हा कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.४ आणि खुब्याचा उणे २.१ आला. म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम तपासलं, ते ११८ मिग्रॅ होतं. मग म्हणाले, जेवणात प्रोटीन फारच कमी आहे, वाढवा.

आधी तिचं जेवण म्हणजे दोन भाकऱ्या, पातळ वरण, भाजी, भात आणि चार वेळा चहा. मी हिशोब केला तर दिवसाला ३८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन होत होतं. आता एक स्कूप व्हे प्रोटीनची पावडर, ५० ग्रॅम पनीर आणि वाटीभर मुगाची उसळ वाढवली आहे, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम. दोन महिन्यांनी लघवी पुन्हा तपासली तर कॅल्शियम १६३!

समोरच्या काकू निसर्गोपचाराचा कोर्स केलेल्या. त्या म्हणाल्या, "बघ, हाडं विरघळून लघवीतून चाललीत. जास्त प्रोटीननं हाडं ठिसूळ होतात." आईनं त्या दिवसापासून व्हेचा डबा कपाटात ठेवलाय आणि माझ्याशी अर्धवट बोलते. डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात आहे. खरं काय आहे?

हिरवंरान

काकूंचं बरोबर आहे. प्रोटीनमध्ये गंधक असतं, पचल्यावर त्याचं आम्ल होतं. रक्त आम्लधर्मी होऊन चालत नाही, म्हणून शरीर हाडांतला क्षार काढून ते आम्ल मारतं आणि सुटलेलं कॅल्शियम लघवीतून जातं. हे मी घरी बसून शोधलेलं नाही, १९६८ साली लॅन्सेटमध्ये आलंय. मांस खाल्लं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं हे तर त्याच्याही आधी, १९२० मध्येच पाहिलं होतं. एस्किमो लोक भरपूर मांस खातात आणि त्यांची हाडं विरळ असतात.

हिशोब सोपा आहे. रोज ४५ मिग्रॅ जास्त गेलं तर वर्षाला १६ ग्रॅम. बाईच्या हाडांत सगळं मिळून कॅल्शियम किलोच्या आतच असतं. वर्षाला दोन टक्के गेले. दहा वर्षांत काय उरेल?

लोखंडी_सळई

परत तेच! ही थिअरी कधीच मोडीत निघाली. मी पाच वर्षं दिवसाला १६० ग्रॅम प्रोटीन खातोय, एकही फ्रॅक्चर नाही. उलट हाडाचा निम्मा भाग प्रोटीनचाच असतो. आईंना सांगा, डबा उघडा, दोन स्कूप घ्या, सहा महिन्यांत टी-स्कोअर शून्यावर येतो की नाही बघा.

कोरांटी

@लोखंडी_सळई, तुमचं वय काय?

लोखंडी_सळई

२९. त्याचा काय संबंध?

तात्या_मिरजकर

आमच्या हिला पण हाच त्रास. दोन्ही गुडघे कुरकुर वाजतात, जिना चढवत नाही. डाळी बंद केल्या, पण फरक नाही. प्रोटीन बंद करून किती दिवसांत फरक पडतो? युरिक ॲसिड ५.१ आहे.

माजघर

मी बरीच वर्षं एका मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते, त्यातली शेवटची काही हाडांच्या ओपीडीत. कोरांटी, उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचारते.

एक, दोन्ही रिपोर्टांत क्रिएटिनीन लिहिलेलं असेल, तेही चोवीस तासांचं. किती आहे? दोन, या दोन महिन्यांत आईच्या खाण्यात प्रोटीनशिवाय आणखी काही बदललं का?

तात्या, गुडघ्याची कूर्चा झिजणं आणि हाड विरळ होणं हे दोन वेगळे आजार आहेत. डाळी बंद करून गुडघा सुधारणार नाही. मांडीचे स्नायू मात्र सुकतील आणि गुडघ्यावरचा भार वाढेल. वहिनींच्या डाळी सुरू करा.

कोरांटी

पहिल्यात क्रिएटिनीन ६८० मिग्रॅ आहे, दुसऱ्यात ७६०. आणि... हो. डॉक्टरांनी त्याच दिवशी कॅल्शियमची ५०० ची एक गोळी सुरू केली होती, डी जीवनसत्त्वाच्या सॅशेबरोबर. हे लिहायचं राहिलं. रात्री जेवणानंतर घेते.

माजघर

हेच राहायला नको होतं! :) असो, चिडत नाही, ओपीडीत रोज असंच व्हायचं.

आधी क्रिएटिनीनचं सांगते. ते स्नायूंतून येतं आणि एका माणसाचं रोज जवळपास तेवढंच असतं. शाकाहारी बाईच्या बाबतीत तर जेवणानंही फारसं हलत नाही. पहिल्या वेळी ६८० आणि दुसऱ्या वेळी ७६० याचा अर्थ बहुतेक असा की पहिल्या दिवशी एखादी लघवी बाटलीत न जाता तशीच गेली. पहाटेची किंवा बाहेर गेल्यावरची राहते, नेहमीचं आहे. त्या हिशेबानं पहिलं ११८ खरं तर १३२ च्या आसपास धरायला हवं. म्हणजे वाढ ४५ ची नसून ३० ची.

आता हे ३० मिग्रॅ आले कुठून? आईच्या पोटात आता रोज गोळीचं ५०० मिग्रॅ कॅल्शियम जास्त जातंय. पनीरमधून दोनशेच्या आसपास, व्हेमधून थोडं, ते डब्यावर लिहिलेलं असेल. आधी ती जेमतेम ३५०-४०० खात असावी, आता हजाराच्या पुढे गेली. खाल्लेल्यातलं काही आतड्यातून रक्तात जातं आणि त्यातलं काही लघवीत उतरतं. ३० मिग्रॅ वाढ तर निव्वळ त्यानंच होईल. एवढ्यावरून हाडाला दोषी धरता येत नाही. खरं म्हणजे लघवीचा रिपोर्ट एवढंच सांगतो की बाहेर किती गेलं. ते हाडातून निघालं की ताटातून आलं, हे त्यात दिसतच नाही.

हिरवंरान

गोळी नसती तर? प्रोटीननं लघवीतलं कॅल्शियम वाढतं हे तरी मान्य करा.

माजघर

मान्यच आहे. तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षं टिकली. साधारण एक ग्रॅम प्रोटीन वाढवलं की एक मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम लघवीत वाढतं, हे अनेक प्रयोगांत दिसलंय. प्रश्न फक्त उगमाचा होता.

जुन्या प्रयोगांत काय करत? माणसाला ठरावीक जेवण द्यायचं, लघवी आणि शौच दोन्ही गोळा करायचं आणि खाल्लेल्यातून वजा करायचं. शौचातलं कॅल्शियम रोज एवढं खालीवर होतं की पन्नास-साठ मिग्रॅचा फरक त्या गोंधळात बुडून जातो. लघवी मात्र नीट मोजता येते. मग जे मोजता आलं त्यावर निष्कर्ष निघाला. लघवीत वाढलं आणि आतड्यात काही बदल दिसला नाही, तर हाडातूनच आलं असणार, असं.

हे अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठातल्या जेन कर्स्टेटर आणि येलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या रीतीनं तपासलं. कॅल्शियमचे किरणोत्सर्ग नसलेले दोन वेगळ्या वजनाचे प्रकार घेतले. एक तोंडावाटे दिला, दुसरा शिरेतून. शिरेतला सगळाच रक्तात पोचतो आणि तोंडावाटेच्यातला आतडं घेईल तेवढाच. मग लघवीत दोघांचं प्रमाण पाहिलं की आतड्यानं किती घेतलं ते कळतं, शौच मोजायची गरजच नाही. २००५ च्या त्यांच्या प्रयोगात निरोगी बायका होत्या. त्यांना दहा-दहा दिवस एकदा किलोमागे १ ग्रॅम प्रोटीन दिलं आणि एकदा २.१ ग्रॅम. कॅल्शियम दोन्ही वेळी तेवढंच, ८०० च्या आसपास.

जास्त प्रोटीनवर लघवीतलं कॅल्शियम साठ-पासष्ट मिग्रॅनं वाढलं. हिरवंरान, इथपर्यंत तुमची थिअरी बरोबर. पण त्याच वेळी आतड्यातलं शोषण साडेअठरा टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर गेलं. ८०० चे साडेसात टक्के म्हणजे साठ. लघवीत जास्त गेलेलं जवळजवळ सगळं ताटातून जास्त घेतलेलं निघालं. हाडातून कॅल्शियम निघण्याचा वेग वाढलेला दिसला नाही.

आणि आम्लाचं म्हणाल तर मूत्रपिंड बसून नसतं. ते अमोनिया तयार करून रोजच्या जेवणातलं आम्ल बाहेर टाकतं, तेच तर त्याचं काम. भाज्या-फळांतलं पोटॅशियमही आम्लाला उतारा देतं. निरोगी मूत्रपिंड असताना हाड हा पहिला आधार नाही.

निवांत_नाशिक

मी याच धाग्याची वाट पाहत होतो. तीन वर्षांत दोनदा मूतखडा. डॉक्टर म्हणाले लघवीत कॅल्शियम जास्त आहे (३१०), मांसाहार कमी करा. मग ते चुकीचं का? हाडातून आलं नाही म्हणून खडा होणार नाही असं थोडंच?

माजघर

चुकीचं अजिबात नाही. खड्याला काय पडलंय कॅल्शियम कुठून आलं त्याचं. लघवीत जास्त आहे एवढं त्याला पुरतं. तुमचा सल्ला तुमच्यासाठी बरोबर. तसंच ज्यांची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत त्यांनी प्रोटीन स्वतःच्या मनानं वाढवू नये, ती मंडळी मी वर जे लिहिलं त्यात धरलेली नाहीत.

बाय द वे, मीठ किती खाता? दिवसाला सहा ग्रॅम मीठ वाढलं तर चाळीसेक मिग्रॅ कॅल्शियम लघवीतून जास्त जातं. हे कॅल्शियम मात्र आतडं भरून देतंच असं नाही. पापड, लोणचं, खारातली मिरची आणि वर ठेचा, हे सगळं एका ताटात घेणारी माणसं मला सांगायची, "पनीरनं हाडं जातात म्हणे."

कोरांटी

अरे देवा. आई आणि ठेचा.

लोखंडी_सळई

म्हणजे मी जिंकलो ना? प्रोटीननं हाडं मजबूत होतात.

माजघर

नाही, तुम्हीही अर्धेच. :)

पर्थमध्ये सत्तर ते ऐंशी वयाच्या २१९ बायकांना दोन वर्षं रोज ३० ग्रॅम व्हे प्रोटीन दिलं, दुसऱ्या गटाला जवळपास काहीच नाही. दोन वर्षांनी खुब्याच्या हाडात दोन्ही गटांत फरक नाही. कर्स्टेटर यांच्याच गटानं नंतर ज्येष्ठ स्त्री-पुरुषांना दीड वर्ष रोज ४५ ग्रॅम व्हे दिलं, तो निकाल २०१५ मध्ये आला. तिथेही हाडात फरक नाही, स्नायू मात्र जरा जास्त टिकले.

हे निकाल हिरवंरान यांच्या हिशेबावर लावून बघा. रोज ४५ मिग्रॅ हाडातून गेलं असतं तर दीड वर्षात २४ ग्रॅम गेले असते, म्हणजे हाडाचे जवळजवळ तीन टक्के. गटाच्या सरासरीत तेवढं डेक्सावर लपलं नसतं. गेलं नाही, कारण ते हाडातलं नव्हतंच. पण टी-स्कोअर वरही चढला नाही. तेव्हा दोन स्कूपनं सहा महिन्यांत शून्य वगैरे विसरा. तुमची हाडं चांगली असतील तर त्यात व्यायामाचा आणि २९ वर्षांचा वाटा मोठा आहे.

लोखंडी_सळई

ठीक. पण नुकसान नाही हे तरी लिहून ठेवा, आमच्या मातोश्रींना दाखवायचंय.

हिरवंरान

एक मुद्दा मी सोडणार नाही. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत, १९९६ ची, दिवसाला ९५ ग्रॅमच्या वर प्रोटीन खाणाऱ्या बायकांत मनगटाजवळची फ्रॅक्चरं जास्त होती. प्रयोग दहा दिवसांचे, ही पाहणी बारा वर्षांची. आणि एस्किमोंचं तुम्ही गाळलंत.

माजघर

नर्सेसचा मुद्दा रास्त आहे, ते तसंच आलंय. त्याच पाहणीत खुब्याच्या फ्रॅक्चरशी मात्र संबंध दिसला नाही. उलट अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावातल्या ज्येष्ठांना चार वर्षं पाहिलं तेव्हा सगळ्यांत कमी प्रोटीन खाणाऱ्यांची हाडं सगळ्यांत जास्त घटली होती. पाहण्या एकमेकींशी भांडतात, कारण जास्त प्रोटीन खाणारा माणूस बाकी शंभर गोष्टींतही वेगळा असतो. एस्किमोंच्या जेवणात प्रोटीन भरपूर, पण कॅल्शियम कमी, आणि वर्षातले कित्येक महिने ऊन नाही. मग दोष एकट्या प्रोटीनचा कसा ठरवणार?

पण तुम्ही बोट बरोबर जागी ठेवलंय. कॅल्शियम कमी असेल तर काय, हा खरा उघडा प्रश्न आहे. आतडं जास्त टक्के घेतं हे खरं, पण टक्के कशाचे? ८०० चे साडेसात टक्के साठ होतात, ३५० चे जेमतेम सव्वीस. बॉस्टनमध्ये ज्येष्ठांना तीन वर्षं कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व दिलेला एक अभ्यास होता, २००२ साली त्याचं प्रोटीनच्या अंगानं विश्लेषण आलं. ज्यांना कॅल्शियम मिळत होतं त्यांच्यात जास्त प्रोटीन खाणाऱ्यांची हाडं चांगली राहिली. नुसती साखरेची गोळी मिळणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. कमी कॅल्शियमवर जास्त प्रोटीन वर्षानुवर्षं खाल्लं तर हाडं निश्चित सुरक्षित, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

कोरांटी

मग आईचं काय? तिचं आधीचं कॅल्शियम ३५० च होतं की.

माजघर

होतं. आणि प्रोटीन ३८ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.७ च्या जरा वर. मला काळजी वाटते ती त्या जेवणाची. कर्स्टेटर यांनीच तरुण बायकांना किलोमागे ०.७-०.८ ग्रॅमवर ठेवलं होतं, तेव्हा चार दिवसांतच शोषण घटलं आणि पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलं. ते संप्रेरक वाढतं तेव्हा हाडातून कॅल्शियम काढलं जातं. चार दिवसांचा प्रयोग आहे, त्यावर वर्षांची इमारत बांधू नये, पण लघवीचा रिपोर्ट तेव्हा "छान" दिसतो हे लक्षात घ्या. कमी कॅल्शियम लघवीत जातंय म्हणजे हाडं सुखात आहेत असं नाही, आत कमी येतंय असंही असू शकतं. आईचा पहिला रिपोर्ट मला दुसऱ्यापेक्षा जास्त खटकतो.

आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय आणि पाळी गेलेल्या बायकांना १२०० मिग्रॅ कॅल्शियम. आईचं आताचं ७५ ग्रॅम म्हणजे किलोमागे दीडच्या आत, कुठल्याच अर्थानं अघोरी नाही. प्रोटीन वाढलं तेव्हाच कॅल्शियमही वाढलं, हीच जोडी हवी असते. तेव्हा आता प्रोटीन थांबवून गोळी चालू ठेवणं किंवा उलट, दोन्ही करू नका.

हाडातून निघतंय का हे बघायचंच असेल तर त्यासाठी लघवी नव्हे, रक्तातली सीटीएक्स तपासणी असते. सकाळी उपाशीपोटी, कारण खाल्ल्यावर ती खाली जाते. जोडीला पॅराथायरॉइड आणि डी जीवनसत्त्व. गरज आहे का ते डॉक्टर ठरवतील. डेक्सा वर्ष-दोन वर्षांनी, पण त्याच केंद्रात, त्याच मशीनवर. मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत, आणि त्याच मशीनवरही दोनतीन टक्क्यांचा फरक हा फरक नसतो.

खाडीकाठ

आमच्याकडे मालवणात आजी सुका जवळा रोज खायची. ९१ व्या वर्षी पडली, पण मोडलं काही नाही. त्यात कवचासकट कॅल्शियम असतं ना?

माजघर

असतं, भरपूर. आणि खारवलेला असेल तर मीठही. धुऊन घ्या.

तात्या_मिरजकर

हिला विचारलं. म्हणाली डाळी सुरू करते, पण जवळा नको. तिळाची चटणी चालेल का गुडघ्याला?

माजघर

तात्या, गुडघ्याला नाही, पण हाडांना चालेल. पोटी पडते चमचाभरच, तेवढं लक्षात ठेवा. नाचणीची भाकरी त्यापेक्षा कामाची, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं आणि भाकरी तर रोज होते. वहिनींना गुडघ्यासाठी एकदा फिजिओथेरपिस्टकडे न्या.

कोरांटी

आईला फोन करून अख्खा धागा वाचून दाखवला. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "त्या डब्याला वास येतो, मी काकूंचं नाव पुढं केलं." व्हे बंद ते बंदच. त्याऐवजी रात्री घट्ट पिठलं आणि संध्याकाळी वाटीभर दही, असा तह झालाय. माझ्या हिशेबानं ६५ ग्रॅमपर्यंत पोचेल. गोळी चालू. सीटीएक्सचं डॉक्टरांना विचारते.

ठेच्यावर बोलणी फिसकटली.

हिरवंरान

पिठल्याला माझी हरकत नाही. बरोबर पालेभाजीही करा. दोन वर्षांनी डेक्साचे आकडे इथे लिहा, तोवर मी माझं मत राखून ठेवतोय.